तीन शतांश व्होल्टचा फरक आणि ‘एक मोलर’चा घोळ

नागपुरातील महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत जस्त-तांबे घटाचे मोजलेले व्होल्टेज गणिताने काढलेल्या आकड्याशी जुळले नाही की, मार्च-एप्रिलमध्ये तरी, खापर उन्हावर फोडले जाते. हा घट १८३६ सालचा आणि विभवाची संहतीशी सांगड घालणारे समीकरण १८८९ सालचे आहे. खरी गुंतागुंत मात्र त्यानंतरची आहे.

प्रमाण विभवांच्या तक्त्यात ‘प्रमाण’ म्हणजे आयनांची सक्रियता, म्हणजेच परिणामकारक संहती, एक असणे. सक्रियतेची कल्पना १९०७ मध्ये मांडली गेली आणि विरल द्रावणांसाठी तिचा सैद्धांतिक पाया १९२३ मध्ये घातला गेला. शालेय पुस्तकांनी सोयीसाठी तिच्या जागी ‘एक मोलर’ लिहिले. हा निर्णय समर्थनीय असल्याचे अनेक शिक्षक मानतात, परंतु विद्यार्थ्याच्या गोंधळाचे मूळ तिथेच आहे, कारण दोन्ही द्रावणे एक मोलर घेतली तर चूक दिसतच नाही. दुहेरी प्रभाराचे आयन एकमेकांना इतके जखडून ठेवतात की एक मोलर झिंक सल्फेटची परिणामकारक संहती जेमतेम चार टक्के उरते. कॉपर सल्फेटचीही तीच गत होते. समीकरणातील जस्त व तांबे आयनांच्या गुणोत्तरात दोन्हीकडची तूट परस्परांना कापते आणि मल्टीमीटर १.१० व्होल्ट दाखवतो.

आता कॉपर सल्फेट शंभरपट विरल, म्हणजे ०.०१ मोलर करावे. संहती जशीच्या तशी घातल्यास समीकरण १.०४ व्होल्ट सांगते. परंतु विरल द्रावणात आयन मोकळे होतात आणि परिणामकारक वाटा सुमारे ४१ टक्के राहतो, म्हणून खरे गुणोत्तर शंभर नसून दहाच्या आसपास भरते, त्यावरून १.०७ व्होल्ट येतात आणि वाचनही तेवढ्याच्या जवळपास मिळते. दोन द्रावणांना जोडणाऱ्या क्षारसेतूच्या टोकांशी निर्माण होणाऱ्या विभवामुळे त्यात काही मिलिव्होल्टची भर किंवा घट होऊ शकते.

उन्हाचा वाटा किती? समीकरणातील ०.०५९२ हा गुणक २५ अंशांसाठी आहे आणि ४० अंशांना तो ०.०६२१ होतो. शंभराच्या गुणोत्तरालाही त्याने जेमतेम तीन मिलिव्होल्ट हलतात. बिचाऱ्या उन्हाला उगाच दोष दिला जातो.

वाचन १.०४ पेक्षाही बरेच खाली गेले तर संशय मीटरवर घ्यावा. जुना काट्याचा व्होल्टमीटर स्वतःच घटातून प्रवाह ओढतो. तीन व्होल्टच्या पट्ट्यावर त्याचा रोध तीन हजार ओहम आणि घटाचा अंतर्गत रोध एक हजार ओहम असेल, तर १.१० च्या जागी ०.८३ दिसेल. पट्टा बदलून दहा व्होल्टचा करताच वाचन वर सरकले, तर दोष रसायनात नसून मीटरमध्ये आहे. डिजिटल मल्टीमीटरचा रोध साधारण एक कोटी ओहम असल्याने ही अडचण त्यात उरत नाही.