बातम्यांच्या व्हिडिओ संग्रहातली नावं: संहितेवरून टॅग कसे लागतात

मार्च 2019 मध्ये इथिओपियन एअरलाइन्सचं विमान कोसळलं आणि काही दिवसांत जगभरातली बोइंग 737 मॅक्स विमानं उड्डाणातून काढून घेण्यात आली. त्या आठवड्यातल्या बहुतेक बुलेटिनमध्ये हा विषय आहे. तरीही संग्रहात ‘737 मॅक्स’ असा शोध घेतला, तर ज्यांच्या शीर्षकात किंवा नोंदीत कुणीतरी हाताने तसं लिहून ठेवलंय तेवढीच बुलेटिनं समोर येतात. बाकीचं फुटेज असून नसल्यासारखं होतं.

बोललेल्या शब्दांची संहिता तयार करून तीत व्यक्ती, ठिकाणं आणि उत्पादनं ओळखायची आणि प्रत्येक नाव व्हिडिओतल्या नेमक्या क्षणाशी जोडायचं, यावर हे पत्रक आहे. या तंत्राला नेम्ड एंटिटी एक्स्ट्रॅक्शन म्हणतात. पुढे आम्ही सोपेपणासाठी ‘नावं वेचणं’ म्हटलं आहे. संहितेत नाव दिसणं हा कामाचा सोपा भाग. ते नाव नेमकं कुणाचं, हे ठरवण्यातच खरी मेहनत आहे आणि संग्रहाचा उपयोगही त्यावरच अवलंबून आहे.

एक वाक्य, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

नमुन्यादाखल हे वाक्य घेऊ: ‘इथिओपियन एअरलाइन्सचं बोइंग सातशे सदतीस मॅक्स विमान अदिस अबाबाहून नैरोबीला निघालं होतं.’

ध्वनीवरून संहिता करणारं सॉफ्टवेअर हे वाक्य लिहितं आणि प्रत्येक शब्द कधी सुरू झाला, कधी संपला याची वेळही देतं. शब्दागणिक वेळ हवीच. फक्त वाक्याची वेळ असेल तर टॅगवर क्लिक केल्यावर प्रेक्षक नावाच्या दहा-पंधरा सेकंद आधी पोहोचतो आणि टॅग चुकलाय असं समजून पुढे जातो.

मग नावं वेचणारं मॉडेल शब्दांवर खुणा करतं. ‘इथिओपियन एअरलाइन्स’ ही संस्था, ‘अदिस अबाबा’ आणि ‘नैरोबी’ ही ठिकाणं. इथपर्यंत बहुतेक तयार मॉडेलं ठीक चालतात. अडतं ते ‘बोइंग सातशे सदतीस मॅक्स’पाशी. भारतीय भाषांसाठीची अनेक मॉडेलं व्यक्ती, ठिकाण आणि संस्था एवढेच तीन प्रकार ओळखतात. उत्पादन हा प्रकार त्यांना शिकवलेलाच नसतो. असं मॉडेल ‘बोइंग’वर संस्थेची खूण करतं आणि पुढचे तीन शब्द सोडून देतं. म्हणून उत्पादनांसाठी आम्ही वेगळी यादी लावतो. तिच्यात एका उत्पादनाची बोलण्यात येणारी सगळी रूपं असतात: ‘सातशे सदतीस मॅक्स’, ‘सेव्हन थ्री सेव्हन मॅक्स’, ‘737 मॅक्स’, ‘७३७ मॅक्स’. आमचा नियम असा की सर्वांत लांब जुळणी जिंकते. टॅग विमानाच्या मॉडेलला लागतो आणि त्याची निर्माती कंपनी नोंदीतूनच कळत असल्याने ‘बोइंग’चा शोध घेणाऱ्यालाही हा क्षण सापडतो.

पुढे त्याच बातमीत निवेदक नुसतं ‘मॅक्स’ म्हणतो. हे छोटं रूप यादीत कायमचं टाकू नये, नाहीतर मॅक्स नावाचा प्रत्येक माणूस विमान होऊन बसतो. पूर्ण नाव त्याच बातमीत आधी येऊन गेलं असेल तरच छोटं रूप त्याला जोडावं. यासाठी बुलेटिनचे बातम्यांप्रमाणे तुकडे आधी पाडावे लागतात. अर्ध्या तासाचं बुलेटिन एकसंध मजकूर म्हणून चालवलं, तर क्रीडावृत्तातलं नाव विमान अपघाताला चिकटतं.

प्रत्ययांचा घोळ

मराठीत नाव वाक्यात उघडं क्वचितच येतं. ‘अबाबाहून’, ‘नैरोबीला’, ‘बोइंगच्या’ अशी रूपं येतात आणि ती मुळाशी नेल्याशिवाय एकाच शहराचे पाच-सहा वेगळे टॅग तयार होतात. शेवटचा प्रत्यय सरसकट कापून टाकायचा मोह होतो, पण ‘ला’ कापला की अंगोलाचा ‘अंगो’ उरतो आणि कंपालाचा ‘कंपा’; ‘ची’ कापला की कराचीचं ‘करा’ होतं. उलट ‘अमेरिकेने’मधला ‘ने’ काढला तरी ‘अमेरिके’ उरतं, ‘अमेरिका’ मिळत नाही.

त्यामुळे क्रम असा ठेवावा: आधी शब्द आहे तसा नावांच्या यादीत शोधायचा. नाही मिळाला तर प्रत्यय काढून शोधायचा. तरीही नाही मिळाला तर सामान्यरूप मागे वळवून, म्हणजे ‘ए’चा ‘आ’ करून शोधायचा. यातलं काहीच जुळलं नाही, तर शब्द न कापता तपासणीच्या रांगेत ठेवायचा. चुकीचा तुकडा टॅग म्हणून साठवला की तो नंतर शोधून काढणं फार अवघड जातं.

याच टप्प्यावर आणखी एक चूक नजरेतून सुटते, कारण ती डोळ्यांना दिसतच नाही. ‘ॲमेझॉन’मधला ‘ॲ’ संगणकात दोन प्रकारे साठवलेला असू शकतो: एकच अक्षर म्हणून, किंवा ‘अ’ आणि त्यावरचा चंद्र वेगवेगळे. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधात मात्र जुळत नाहीत. युनिकोडचं नेहमीचं एनएफसी रूपांतर हा फरक मिटवत नाही, म्हणून तो नियम वेगळा लिहावा लागतो:

```python
k = unicodedata.normalize("NFC", s)
k = k.replace("\u200d", "").replace("\u200c", "")
k = k.replace("\u0905\u0945", "\u0972")
```

हे रूप फक्त जुळणीसाठी वापरावं. मूळ संहिता तशीच राहू द्यावी, कारण अदृश्य जोडचिन्हं काढल्यावर काही जोडाक्षरं वाचायला चुकीची दिसतात.

कोणता जॉर्जिया?

नाव मुळाशी आलं की त्याला ओळखक्रमांक द्यायचा. आम्ही विकीडेटा या खुल्या माहितीसाठ्यातले क्रमांक वापरतो. तिथे नसलेल्या नावांना तुमच्या संग्रहापुरता क्रमांक देतो. जॉर्जिया देशाचा क्रमांक Q230 आहे आणि त्याच नावाच्या अमेरिकी राज्याचा Q1428. बातमीत तिबिलिसी आलं असेल तर पहिला आणि अटलांटा आलं असेल तर दुसरा, हे संगणक आजूबाजूच्या नावांवरून ठरवतो. आजूबाजूला काहीच नसेल, उदाहरणार्थ दोन ओळींच्या ठळक बातमीत, तर त्याने अंदाज बांधू नये. टॅग अनिर्णित ठेवावा. मॉडेलने दिलेला खात्रीचा आकडा इथे फसवतो. ‘जॉर्जिया हे ठिकाण आहे’ याबद्दलची ती खात्री असते, कोणता जॉर्जिया याबद्दलची नसते.

‘वॉशिंग्टनने नकार दिला’ यासारख्या वाक्यात शहराचं नाव सरकारसाठी येतं. त्याला ठिकाणाचा टॅग द्यायचा की नाही, हे धोरण काम सुरू होण्याआधी ठरवून लिहून ठेवावं. आमचा सल्ला असा की टॅग द्यावा, पण ‘घटनास्थळ’ ही खूण फक्त घटना जिथे घडली त्या ठिकाणालाच लावावी. नाहीतर नकाशावर शोधताना सगळं जग मूठभर राजधान्यांत जमा झालेलं दिसतं.

जुन्या संग्रहात काळाचाही विचार लागतो. ऑक्टोबर 2021 मध्ये फेसबुक कंपनीचं नाव मेटा झालं, पण फेसबुक हे उत्पादन त्याच नावाने राहिलं. त्याआधीच्या बातमीतला ‘फेसबुक’ कंपनी असेल किंवा उत्पादन. नंतरच्या बातमीत तो बहुधा उत्पादनच. म्हणून प्रत्येक नावाच्या नोंदीत ते केव्हापासून केव्हापर्यंत लागू आहे हे लिहिलेलं असावं आणि जुळवताना प्रसारणाची तारीख बघितली जावी. फाइल संगणकावर चढवल्याची तारीख यासाठी चालत नाही.

वेळ सरकली तर

शेवटी हातात येणारी नोंद अशी दिसते:

```json
{"id": "Q3870", "type": "PLACE",
 "spoken": "नैरोबीला",
 "in": "10:14:07:12", "out": "10:14:08:02",
 "status": "auto"}
```

संहितेतली वेळ फाइलच्या सुरुवातीपासून सेकंदांत मोजलेली असते. संग्रहातला टाइमकोड मात्र बऱ्याचदा 10:00:00:00 पासून सुरू होतो. हा फरक मिळवायचा राहिला, तर सगळे टॅग सारख्याच अंतराने चुकतात आणि चूक लगेच ध्यानात येते. सेकंदाला 29.97 फ्रेमच्या साहित्यात दुसरी, जास्त फसवी चूक होते: ठरावीक अंतराने फ्रेमचे क्रमांक वगळणाऱ्या ड्रॉप-फ्रेम टाइमकोडला साधा टाइमकोड समजून गणित केलं, तर तासाभरात 3.6 सेकंदांचा फरक साचतो. सुरुवातीचे टॅग अचूक वाटतात, शेवटचे सरकलेले असतात. म्हणून पहिला नमुना मिळाला की सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा असे तीन टॅग उघडून बघा. फरक सगळीकडे सारखा असेल तर आरंभबिंदू चुकलाय. वाढत जात असेल तर फ्रेमची मोजणी.

टॅगवरून काय कळत नाही

टॅगचा अर्थ एवढाच की नाव त्या क्षणी उच्चारलं गेलं. ती व्यक्ती पडद्यावर असेलच असं नाही. उलटही तितकंच खरं आहे: बाईट देणारा माणूस स्वतःचं नाव सहसा घेत नाही. ते पडद्याखालच्या पट्टीवर येतं आणि पट्टी संहितेत नसते. एखाद्या व्यक्तीचं चित्र हवं असेल तर पट्टीवरचा मजकूर वाचण्याची सोय वेगळी करावी लागते. तो स्रोत नोंदीत स्वतंत्र ठेवला, तर ‘नाव घेतलं’ आणि ‘पट्टीवर आलं’ यांची सरमिसळ होत नाही.

विदेशी व्यक्तींची नावं संहितेतच बिघडतात. 2019 मध्ये बोइंगचे प्रमुख असलेले डेनिस म्युलेनबर्ग एकाच बुलेटिनमध्ये ‘मुलेनबर्ग’, ‘म्युलन बर्ग’ आणि ‘मिलेनबर्ग’ म्हणून उतरू शकतात. त्या काळातल्या नावांची यादी संहिता करतानाच दिली तर सुधारणा होते. यादी मात्र छोटी आणि त्या दिवसाच्या विषयापुरती ठेवावी. भली मोठी यादी दिली तर न उच्चारलेली नावंही संहितेत घुसतात, आणि ही चूक गाळलेल्या नावापेक्षा वाईट, कारण ती वाचायला अगदी बरोबर वाटते.

तपासणी

टॅग एकेक करून तपासू नका. एका नावाला जोडलेली सगळी वेगवेगळी रूपं एकत्र बघा. ‘नैरोबी’खाली ‘नैरोबीत’, ‘नैरोबीहून’ दिसलं तर एका नजरेत मान्य करता येतं. मध्येच ‘निकोबार’ दिसलं तर ते तिथल्या तिथे उपटता येतं. त्याशिवाय, वेगवेगळ्या वर्षांतली काही बुलेटिनं माणसाने पूर्ण ऐकून टॅग करावीत आणि संगणकाचं काम त्यांच्याशी ताडून बघावं. लागलेल्यांपैकी किती बरोबर आणि लागायला हव्या त्यांपैकी किती लागले, हे दोन आकडे व्यक्ती, ठिकाणं आणि उत्पादनं यांसाठी वेगवेगळे मागा. एकत्र सरासरीत ठिकाणांचा चांगला आकडा उत्पादनांचा वाईट आकडा झाकून टाकतो.

माणसाने मान्य केलेल्या नोंदीचा `status` बदलून `checked` होतो. यादी सुधारल्यावर संग्रह पुन्हा चालवला, तरी या नोंदी आम्ही बदलत नाही. नव्या निकालाशी त्या जुळल्या नाहीत तर दोन्ही शेजारी ठेवून तुमच्याकडे पाठवतो. काम सुरू करताना आम्हाला प्रत्येक फाइलची प्रसारणाची तारीख, फ्रेमदर आणि टाइमकोडचा आरंभबिंदू लागतो. तुमच्याकडे हाताने केलेल्या जुन्या नोंदी असतील तर त्याही द्या, कितीही विस्कळीत असल्या तरी. नावांची पहिली यादी त्यांतूनच तयार होते.