पश्चिमेच्या खिडकीतून पाणी आत का येतं

साताऱ्यात यवतेश्वरच्या बाजूला तोंड असलेल्या खिडक्यांची तक्रार दर जुलैत एकच असते, खिडकी घट्ट बंद, तरी खालच्या ट्रॅकमधून पाणी आत. लोक लगेच म्हणतात अ‍ॅल्युमिनियम बेकार, पण खरा प्रश्न धातूचा नाहीये, स्लायडिंगचा आहे.

स्लायडिंगचं शटर सरकायला हवं म्हणून कडेला रबराऐवजी केसाळ ब्रशपट्टी असते, तिच्यातून हवा जाते. वारा ताशी 54 किमीने भिंतीवर आदळला की बाहेरचा दाब घरातल्यापेक्षा साधारण 135 पास्कलने वाढतो, म्हणजे तो पाण्याला 14 मिमी वर ढकलून धरू शकतो. ट्रॅकची आतली कड 10 मिमीच असेल तर पाणी तिच्यावरून सरळ घरात येणार, कितीही सिलिकॉन मारा! आणि वारा दुप्पट झाला की दाब चौपट होतो. कड उंच असली तरी ट्रॅकला बाहेरच्या बाजूने पाणी जायची भोकं लागतात, आणि ती बारीक गोल नकोत, थेंब तिथेच अडकून बसतो, पाच-सहा मिमी रुंद लांबट खाच पायजे. पुष्कळदा फिटिंगवाला बाहेरून सिलिकॉन ओढताना हीच भोकं बुजवतो. तपासायचं सोपं आहे, वारा नसताना ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओता, ते बाहेर भिंतीवरून खाली गेलं तर ठीक, तुंबलं तर भोकं बंद आहेत.

यूपीव्हीसीच्या चौकटीचे कोपरे वितळवून जोडतात त्यामुळे तिथून गळत नाही, अ‍ॅल्युमिनियमचे स्क्रूने जोडतात, तिथली सीलिंग सुटली की पाणी भिंतीत मुरतं आणि खिडकीखाली पोपडे धरतात. पण प्लास्टिक उन्हात अ‍ॅल्युमिनियमच्या तिप्पट फुगतं, दीड मीटरला 30 अंशांच्या फरकात तीन मिमी, म्हणून भिंत आणि चौकट यात फट सोडून ती लवचिक सीलंटने भरायची, सिमेंटने नाही. आतमध्ये स्टीलची पट्टी आहे का तेही बघा, नसेल तर मोठं शटर वाकतं आणि रबर दाबलं जात नाही. स्वस्त माल उन्हात पिवळा पडून ठिसूळ होतो.

सागवान सगळ्यात महाग. ते पावसात आडवं फुगतं, शटर अडकतं, सुतार रंधा मारून देतो आणि उन्हाळ्यात तिथेच फट पडते, त्यामुळे रंधा पावसात मारूच नये. कुजायला सुरुवात होते ती खालच्या आडव्या पट्टीच्या सांध्यात, तिथे टोच्या टोचून बघा, मऊ लागला तर आत पाणी मुरलंय. छज्जा रुंद असेल आणि रंग वेळच्यावेळी होत असेल तर जुन्या वाड्यातल्या चौकटी अजून टिकून आहेत.

स्लायडिंग अ‍ॅल्युमिनियम सगळ्यात स्वस्त पडतं, म्हणून जत-आटपाडीकडे कमी पावसात ते खुशाल बसवा. पाटण, मेढा किंवा साताऱ्याच्या पश्चिमेच्या भिंतीला मात्र बाहेर उघडणारी, रबरावर दाबून बंद होणारी खिडकीच घ्या, मग ती अ‍ॅल्युमिनियमची असो की यूपीव्हीसीची, आणि बजेटमुळे स्लायडिंगच घ्यायची असेल तर ऑर्डर देण्याआधी दुकानात ट्रॅकचा तुकडा हातात घेऊन आतली कड पट्टीने मोजा.