ओपन बॉक्स डिलिव्हरी: दारात काय तपासता येते, काय करता येत नाही आणि ओटीपी केव्हा द्यावा

नोकरीसाठी पुण्याला गेलेला मुलगा सोलापुरातील आई-वडिलांसाठी ऑनलाइन मोबाइल मागवतो तेव्हा पत्ता जुळे सोलापूरचा असतो, पण खात्याला जोडलेला क्रमांक मुलाचाच राहतो. परिणामी वस्तू दारात वडिलांच्या हातात येते आणि डिलिव्हरीचा ओटीपी पुण्यात मुलाच्या फोनवर येतो. ओपन बॉक्स डिलिव्हरीत घोटाळ्याला याच फटीतून वाव मिळतो. त्यामुळे पुढील माहिती प्रामुख्याने अशा खरेदीदारांना समोर ठेवून दिली आहे.

ओपन बॉक्स डिलिव्हरी म्हणजे डिलिव्हरी देणाऱ्या कर्मचाऱ्याने खरेदीदारासमोर पार्सल उघडणे, खरेदीदाराने वस्तू पाहणे आणि ती ठीक वाटल्यावरच ओटीपी सांगून स्वीकारणे. ही सोय सरकारी नाही. ती विक्री करणाऱ्या ॲपचे धोरण आहे आणि तिच्या अटी ॲपनुसार, तसेच वस्तूनुसार बदलतात. रेल्वे पार्सलचा अनुभव असलेल्या व्यापाऱ्यांना ‘ओपन डिलिव्हरी’ हा शब्द जुनाच आहे, कारण माल खराब झालेला असेल किंवा गाठ फोडल्याच्या खुणा असतील तर उघडून तपासून माल मागण्याचा हक्क रेल्वे अधिनियम, 1989 च्या कलम 81 ने माल घेणाऱ्याला दिला आहे. ॲपवरील ओपन बॉक्स डिलिव्हरी मात्र अशा कलमातून आलेली नाही. ऑर्डरवर तिची नोंद असेल तरच ती मागता येते, नसेल तर कर्मचाऱ्याशी वाद घालून मिळत नाही.

पात्रता कशी ओळखावी

पात्रता व्यक्तीची नसून ऑर्डरची असते. मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही यांसारख्या महाग वस्तूंनाच ही सोय सहसा असते, आणि तीही ठरावीक पिनकोडपुरती. म्हणून वस्तूच्या पानावर प्रथम 413004 किंवा आपला जो पिनकोड असेल तो टाकावा आणि त्यानंतर ‘ओपन बॉक्स डिलिव्हरी’ असा उल्लेख दिसतो का ते पाहावे, कारण दुसऱ्या शहराचा पिनकोड आधीच भरलेला असेल तर दिसणारी माहिती आपल्यासाठी खरी नसते. पुण्यातून मागवणाऱ्यांकडून ही चूक हमखास होते. पैसे भरल्यावर ऑर्डरच्या तपशिलातही तोच उल्लेख आला आहे याची खात्री करून त्या पडद्याचा स्क्रीनशॉट ठेवावा. पुढे तक्रार करावी लागली तर पहिला कागद तोच ठरतो.

दारात लागणारी कागदपत्रे फार नाहीत. ऑर्डर क्रमांक, वस्तूच्या पानावरील नेमके मॉडेल, रॅम, स्टोरेज व रंग, खोक्यात काय काय मिळणार याची पानावरच दिलेली यादी आणि ओटीपी येणारा फोन एवढे जवळ असले की पुरते. घेणारा आणि मागवणारा वेगळे असतील तर ही यादी घेणाऱ्याला आदल्या दिवशीच पाठवावी.

एका डिलिव्हरीचा तपशील

समजा, जुळे सोलापुरातील एका घरी दुपारी साडेबाराला पार्सल येते. मुलाने 8 जीबी रॅम व 256 जीबी स्टोरेजचा, 21,999 रुपयांचा फोन यूपीआयने पैसे भरून मागवलेला आहे. फाटकाशी उभा असलेला कर्मचारी पुण्याला मुलाला फोन करून म्हणतो, “सर, ओटीपी सांगा, तोपर्यंत मी पार्सल काढतो.” या क्षणी ओटीपी देणे म्हणजे न पाहिलेली वस्तू ‘सुस्थितीत मिळाली’ असे लिहून देणे होय. मुलाने कर्मचाऱ्याला शांतपणे सांगावे की, वडील खोके पाहतील, मी व्हिडिओ कॉलवर आहे आणि पाहून झाल्यावर ओटीपी देईन. कर्मचाऱ्याला दिवसभरात बरीच घरे गाठायची असतात, त्यामुळे त्याची घाई खोटी नसते. परंतु ती त्याची अडचण आहे आणि तिच्यासाठी क्रम उलटा करण्याचे कारण नाही.

बाहेरचे पार्सल कर्मचारीच उघडतो. वडिलांनी स्वतः कात्री लावू नये, कारण ते आधीच फोडलेले होते की आता फुटले, असा प्रश्न मग उभा राहतो. आतल्या कंपनीच्या खोक्यावरील लेबल प्रथम वाचावे. त्यावर मॉडेल, रंग, रॅम, स्टोरेज आणि फोनची ओळख पटवणारा 15 अंकी आयएमईआय क्रमांक असतो. येथेच 8/256 ऐवजी 6/128 दिसले, तर खोके पुढे उघडण्याचीही गरज उरत नाही. क्रमांकाबद्दल शंका असेल तर आपल्याच फोनवरून पुढील मजकूर 14422 वर एसएमएस करता येतो आणि तो क्रमांक कोणत्या कंपनीच्या कोणत्या मॉडेलचा आहे ते कळते:

```
KYM <15 अंकी आयएमईआय>
```

लेबल जुळले. खोके उघडल्यावर वडील म्हणाले, “यात चार्जर नाही, परत कर.” मुलाने पान पाहिले. त्यात फोन, केबल, कव्हर आणि सिमचा ट्रे काढण्याची पिन एवढेच लिहिले होते. हल्ली अनेक फोनसोबत चार्जर येतच नाही, त्यामुळे ही उणीव ठरत नाही. मग फोनवर चिकटवलेल्या पातळ कागदावरचा आयएमईआय आणि खोक्यावरचा आयएमईआय वेगळा असल्याचे वडिलांच्या लक्षात आले. हीसुद्धा खोटी शंका निघाली. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात आणि त्यांनी कागदावरचा पहिला क्रमांक खोक्यावरच्या दुसऱ्या क्रमांकाशी ताडून पाहिला होता. दोन्ही जोड्या नीट लावल्यावर क्रमांक जुळले.

खरा दोष तिसऱ्या तपासणीत सापडला. फोन दाराच्या उजेडात तिरपा धरल्यावर खालच्या डाव्या कोपऱ्यावर चेपल्याची खूण आणि तेथून काचेत गेलेली केसाएवढी रेघ दिसली. ट्यूबलाइटखाली सरळ धरलेल्या काचेवर अशी रेघ सहसा दिसत नाही, म्हणून दारात दोन मिनिटे असतील तर ती चारही कोपरे आणि कॅमेऱ्याची काच तिरप्या उजेडात पाहण्यात घालवावीत.

येथे वस्तू नाकारायची. कर्मचारी आपल्या ॲपमध्ये ‘खराब वस्तू’ अशा अर्थाचे कारण निवडतो, फोटो काढतो आणि खोके परत नेतो. काही ठिकाणी नाकारण्यासाठीही ओटीपी लागतो. म्हणून एसएमएसमधला केवळ आकडा न वाचता पूर्ण वाक्य वाचावे आणि तो डिलिव्हरीचा आहे की रद्द करण्याचा आहे हे पाहूनच सांगावा. कर्मचारी निघण्यापूर्वी ऑर्डरची स्थिती बदलली का ते ॲपमध्ये पाहावे. वस्तू परत गेली असतानाही ‘डिलिव्हर झाली’ असे दिसत असेल तर त्याच क्षणी ग्राहक सेवेकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. पैसे आधी भरलेले असल्याने ते ज्या खात्यातून गेले त्या खात्यात परत येतात. रोखीची ऑर्डर असेल तर पैसे द्यायचे ते तपासणीनंतर, त्यामुळे नाकारल्यावर परताव्याचा प्रश्नच येत नाही.

दारात काय करता येत नाही

तपासणी डोळ्यांनी करायची असते, वापरून नाही. सर्वसाधारणपणे फोन सुरू करणे, सिम घालणे, खाते उघडणे किंवा कॅमेऱ्याने फोटो काढून पाहणे याला परवानगी नसते, आणि त्यामागे कारण आहे: एकदा सुरू करून नोंदणी झालेला फोन पुन्हा नवा म्हणून विकता येत नाही. म्हणूनच `*#06#` दाबून आयएमईआय पाहण्याचा सर्वांना ठाऊक असलेला मार्ग दारात उपयोगाचा नाही, तेथे लेबलवरच भागवावे लागते. टीव्हीच्या बाबतीत ही मर्यादा अधिक जाचक ठरते, कारण पॅनेल आतून फुटलेले असेल तर ते वीज जोडल्यावरच कळते. बाहेरून काच साबूत दिसली, म्हणून पडदा ठीक आहे असे समजू नये. बसवायला येणाऱ्या तंत्रज्ञासमोरच तो प्रथम सुरू करावा आणि तो प्रसंग चित्रित करावा.

रंग आवडला नाही, शेजारच्या दुकानात स्वस्त मिळतो किंवा मुलाने विचार बदलला, ही कारणे ‘खराब वस्तू’ म्हणून नोंदवता येत नाहीत. खोक्यातली केबल ठेवून फोन परत देता येत नाही. थोडा चेपला आहे म्हणून 500 रुपये कमी करा, असा सौदा कर्मचाऱ्याशी करता येत नाही, कारण किंमत बदलण्याचा अधिकार त्याला नसतो. “ठेवून जा, संध्याकाळी मुलगी आली की पाहते” असेही म्हणता येत नाही. जुना फोन बदलून देण्याची ऑर्डर असेल तर आधी नवा तपासावा, मगच जुना हातात द्यावा. जुन्यातील खाती व माहिती आधीच काढून ठेवलेली असावी.

ओटीपी दिल्यानंतर काय उरते

माल विक्री अधिनियम, 1930 च्या कलम 41 नुसार न पाहिलेला माल तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत तो खरेदीदाराने स्वीकारला असे मानले जात नाही. ओपन बॉक्स डिलिव्हरीत ती संधी दारातच दिली गेली आणि ओटीपी हा स्वीकाराचा पुरावा झाला, अशी ॲपची भूमिका असते. त्यामुळे दुसरी वस्तू आली, सुटा भाग कमी आहे किंवा बाहेरून तुटलेली आहे, या तीन तक्रारी ओटीपीनंतर बहुधा फेटाळल्या जातात. सुरू केल्यावर कळणारा दोष, उदाहरणार्थ माइक न चालणे किंवा चार्जिंग न होणे, या वर्गात येत नाही. त्यासाठी ऑर्डरवर दिलेल्या मुदतीत बदलीची मागणी करता येते आणि उत्पादकाची वॉरंटीही लागू राहते. म्हणून फोन घरात आला की त्याच दिवशी सर्व सुविधा वापरून पाहाव्यात.

तपासू दिलेच नाही किंवा खोटे कारण नोंदवले, तर ॲपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार त्याने 48 तासांत पोच द्यावी लागते आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढावी लागते. तेथे दाद लागली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते. त्यानंतरचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मुळे तक्रारदार राहतो किंवा नोकरी करतो तेथे तक्रार दाखल करता येते, त्यामुळे विक्रेता कोठलाही असला तरी पुण्याच्या मुलाला पुण्यात अर्ज देता येतो. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीवर शुल्क नाही. अर्जासोबत ऑर्डरचा स्क्रीनशॉट, बिल, ओटीपीचा एसएमएस वेळेसह, दारातील चित्रण आणि ॲपशी झालेला पत्रव्यवहार जोडावा. चित्रणात खोक्याचे लेबल, आयएमईआय आणि दोषाची जागा एकाच सलग तुकड्यात दिसत असावी. कर्मचाऱ्याचा चेहरा त्यात असण्याची गरज नाही.