पीसीएसके९ रोधक इंजेक्शने

कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांची पूर्ण मात्रा आणि सोबत आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषले जाणे रोखणारी एझेटिमाइबची गोळी घेऊनही ज्यांचे एलडीएल कोलेस्टेरॉल खाली येत नाही, अशांना दिली जाणारी इंजेक्शने. यांत दोन जाती आहेत. एव्होलोक्युमॅब आणि अलिरोक्युमॅब ही प्रतिपिंडे (दोन्हींना २०१५ मध्ये मान्यता), आणि इन्क्लिसिरॅन हे लघु-रोधक आरएनए (युरोपात २०२०, अमेरिकेत २०२१). तिन्हींचे लक्ष्य एकच आहे : पीसीएसके९ हे प्रथिन.

यकृताच्या पेशींवर एलडीएल रिसेप्टर असतात. रिसेप्टर रक्तातला एलडीएलचा कण पकडतो, पेशीच्या आत नेतो, तिथे सोडतो आणि पुढच्या खेपेसाठी पुन्हा पृष्ठभागावर येतो. अशा शंभरावर खेपा तो करू शकतो. पीसीएसके९ येऊन चिकटले, तर मात्र तो परत येत नाही. कणाबरोबर तोही आतच नष्ट होतो. पीसीएसके९ जितके जास्त तितके रिसेप्टर कमी, आणि रक्तातले एलडीएल जास्त.

गोळ्या एका टप्प्यावर का अडतात, हेही यातून कळते. स्टॅटिनमुळे यकृतात कोलेस्टेरॉल तयार होणे मंदावते, पेशीला टंचाई जाणवते आणि ती जास्त रिसेप्टर बनवू लागते. पण ज्या जनुकीय यंत्रणेतून रिसेप्टर वाढतात, तिच्यातूनच पीसीएसके९ही वाढते. म्हणजे गोळी एका हाताने देते आणि दुसऱ्या हाताने थोडे काढून घेते. स्टॅटिनची मात्रा दुप्पट केली तर एलडीएल जेमतेम ६ टक्क्यांनी आणखी उतरते. ‘पॉवर वाढवून द्या’ या रुग्णाच्या आग्रहाला डॉक्टर दाद देत नाहीत, त्यामागे हा हिशेब असतो.

या प्रथिनाचा माग घराण्यांमधून लागला. २००३ मध्ये पॅरिसच्या कॅथरीन ब्वालो आणि माँट्रियलचे नबिल सैदाह यांच्या गटांनी कौटुंबिक अतिकोलेस्टेरॉल असलेल्या फ्रेंच घराण्यांत पीसीएसके९ जनुक वाजवीपेक्षा जास्त काम करत असल्याचे दाखवले. उलटी बाजू डॅलसमध्ये दिसली. हेलन हॉब्स आणि जोनाथन कोहेन यांना अशी माणसे सापडली, ज्यांच्यात हे जनुक जन्मतःच निकामी होते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अशा आफ्रिकन-अमेरिकन लोकांचे एलडीएल सरासरी २८ टक्क्यांनी कमी होते, आणि हृदयविकाराचे प्रमाण ८८ टक्क्यांनी. जन्मापासून कमी एलडीएल असल्याचा हा फायदा. चाळिशीनंतर औषध घेऊन तो जसाच्या तसा मिळत नाही. एका स्त्रीच्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी होत्या. तिचे एलडीएल डेसिलिटरमागे अवघे १४ मिलिग्रॅम होते आणि प्रकृती ठणठणीत. हे प्रथिन बंद पाडले तर माणसाचे काही बिघडत नाही, हा भरवसा औषध बनवणाऱ्यांना अशा माणसांकडून मिळाला.

प्रतिपिंड रक्तात फिरणाऱ्या पीसीएसके९ला पकडून ठेवते. शरीर नवे बनवतच राहते, म्हणून दर दोन आठवड्यांनी (किंवा मोठ्या मात्रेत महिन्याने) इंजेक्शन लागते. इन्क्लिसिरॅन एक पायरी आधी, पेशीच्या आत गाठते. त्याला जोडलेली विशिष्ट साखर यकृतपेशीच त्याला आत घेतील याची सोय करते. आत गेल्यावर ते पीसीएसके९चा संदेशवाहक आरएनए कापून टाकते, त्यामुळे प्रथिन बनतच नाही. २८४ मिलिग्रॅमचा पहिला डोस, तीन महिन्यांनी दुसरा, आणि मग दर सहा महिन्यांनी एक. हा डोस आरोग्यकर्मचारीच देतात. डोस तीन महिन्यांपेक्षा जास्त लांबला, तर वेळापत्रक पहिल्यापासून सुरू करावे लागते.

हिशेबासाठी एक नमुना घेऊ. रुग्ण ४२ वर्षांचा आहे, हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे. टाचेमागची शिर दोन्ही पायांत जाड, चिमटीत धरली तर गाठाळ लागते. वडीलही पन्नाशीच्या आत गेले. या खुणा कौटुंबिक अतिकोलेस्टेरॉलकडे बोट दाखवतात. औषधाआधीचे एलडीएल ३४०. रोसुव्हास्टॅटिन ४० मिलिग्रॅमने ते साधारण निम्मे, १७० होते. एझेटिमाइब उरलेल्याचे २० टक्के कापते : १३६. अशा रुग्णाला ५५च्या खाली जायचे असते. प्रतिपिंड उरलेल्यातून सुमारे ६० टक्के कमी करते, म्हणजे ५४. इन्क्लिसिरॅन सुमारे ५० टक्के, म्हणजे ६८. प्रत्येक टक्केवारी मूळ आकड्यावर लागत नाही, आधीच्या पायरीनंतर उरलेल्यावर लागते. म्हणूनच ‘आता इंजेक्शन चालू आहे, गोळ्या कशाला?’ हा विचार महागात पडतो. गोळ्या सोडल्या तर तेच ६० टक्के ३४०मधून वजा होतात आणि अहवालात पुन्हा १३६ दिसतात. रुग्णाला वाटते, इंजेक्शन लागू पडले नाही. खरे तर त्याने आपले काम चोख केलेले असते.

आकडा अपेक्षेइतका उतरला नाही, तर म्हणून आधी गोळ्यांची पाने मोजावीत. मग इंजेक्शन कसे घेतले जाते ते पाहावे. प्रतिपिंड भरलेले इंजेक्शनचे पेन फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवायचे, हलवायचे नाही, आणि बेंबीपासून दोन इंच सोडून पोटावर किंवा मांडीवर टोचायचे. एव्होलोक्युमॅबच्या पेनची खिडकी पूर्ण पिवळी होईपर्यंत ते दाबून धरावे लागते, साधारण १५ सेकंद. घाईत आधीच उचलले, तर औषध कातडीवर सांडते. प्रवासात पेन थेट बर्फाच्या पिशवीवर ठेवण्याची चूकही सर्रास होते. गोठलेले पेन टाकूनच द्यावे लागते. इन्क्लिसिरॅनला फ्रिज लागत नाही. वीज बेभरवशाची असलेल्या गावात ही सोय लहान नाही.

हे सगळे ठीक असूनही आकडा हलत नसेल, तर शंका रिसेप्टरवर घ्यावी. दोन्ही जातींची औषधे रिसेप्टर वाचवतात, नवा घडवत नाहीत. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आलेल्या काही मुलांत काम करणारा रिसेप्टर जवळजवळ नसतोच. तिथे ही इंजेक्शने निष्प्रभ ठरतात. अशा वेळी यंत्राने रक्तातले एलडीएल गाळून काढणे, किंवा रिसेप्टरवर अवलंबून नसलेले एव्हिनाक्युमॅब, हे मार्ग उरतात.

पुराव्याच्या बाबतीत दोन्ही जाती एका पंक्तीत सुरुवातीपासून नव्हत्या. एव्होलोक्युमॅबच्या २०१७च्या चाचणीत २७,५६४ रुग्ण होते. एलडीएल ९२वरून ३०वर आले, आणि झटका, पक्षाघात, हृदयविकाराने मृत्यू, अँजायनासाठी भरती किंवा अँजिओप्लास्टी-बायपास यांचे एकत्रित प्रमाण १५ टक्क्यांनी घटले. मृत्यूंची संख्या मात्र त्या सुमारे दोन वर्षांत घटलेली दिसली नाही. इन्क्लिसिरॅनला मान्यता मिळाली ती आकडा उतरवण्याच्या जोरावर. झटके किती टळतात हे मोजणाऱ्या मोठ्या चाचण्या तेव्हा चालूच होत्या. ज्याला नुकताच झटका आला आहे, त्याच्यासाठी प्रतिपिंडाकडे कल ठेवणे म्हणूनच रास्त ठरते. दर पंधरवड्याची सुई जो नक्की चुकवणार, त्याला मात्र वर्षातून दोनदा घेतलेले इन्क्लिसिरॅन जास्त उपयोगी पडेल.

दुष्परिणाम बहुतेक टोचल्या जागेपुरते असतात : लाली, दुखरेपणा, थोडी सूज. बोकोसिझुमॅब हे तिसरे प्रतिपिंड २०१६ मध्ये उत्पादकानेच सोडून दिले. ते पूर्णपणे मानवी नव्हते, अनेक रुग्णांच्या शरीराने त्याच्याविरुद्ध स्वतःची प्रतिपिंडे तयार केली, आणि उतरलेले एलडीएल काही महिन्यांत पुन्हा वर सरकले.

भारतात अडसर किमतीचा आहे. स्टॅटिनची गोळी काही रुपयांत मिळते, या इंजेक्शनांचा वर्षाचा खर्च लाखांत जातो. खर्चामुळे प्रतिपिंड मध्येच बंद केले, तर काही आठवड्यांत एलडीएल जुन्या जागी परतते. इन्क्लिसिरॅनचा असर बऱ्याच सावकाश, महिन्यांच्या हिशेबाने ओसरतो.