मोटारीच्या १२ व्होल्ट बॅटरीची व्होल्टेज-चाचणी

मोटार बंद असताना आणि सेल्फ मारत असताना बॅटरीच्या दोन टोकांमधला व्होल्टेज मोजून, बिघाड बॅटरीत आहे की अल्टरनेटरमध्ये, हे ठरवण्याची पद्धत. सकाळी सेल्फ न लागणे ही तक्रार दोन्ही बिघाडांत सारखीच असते. बॅटरी निकामी असेल तर ती दिलेला चार्ज धरत नाही किंवा सेल्फला लागणारा मोठा करंट देऊ शकत नाही. अल्टरनेटर, म्हणजे गॅरेजच्या बोलीतला डायनॅमो, बिघडला असेल तर चांगल्या बॅटरीलाही चार्ज मिळत नाही आणि ती उतरत जाते. हा भेद न करता नवी बॅटरी बसवली आणि दोष अल्टरनेटरमध्ये असला, तर नवी बॅटरीही काही दिवसांत उतरते.

चाचणीला साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. तो २० व्होल्ट डीसीच्या पट्ट्यावर ठेवून त्याची टोके बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवरच टेकवावी लागतात, खुंटांवर आवळलेल्या केबलच्या क्लँपवर नव्हे. खुंट आणि क्लँप यांच्यामध्ये पांढरट-हिरवा थर साचला असेल तर दोन्ही ठिकाणचे आकडे सेल्फच्या वेळी वेगळे येतात, आणि तो फरक हाच एक स्वतंत्र दोष असतो.

शिसे-आम्ल बॅटरीत सहा सेल एकापुढे एक जोडलेले असतात आणि पूर्ण चार्ज झालेल्या प्रत्येक सेलचा व्होल्टेज सुमारे २.१ असतो. त्यामुळे विश्रांतीत असलेली पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.४ ला ती साधारण तीन-चतुर्थांश, १२.२ ला निम्मी भरलेली असते आणि १२.० च्या आसपास जेमतेम पाव चार्ज उरलेला असतो. एजीएम प्रकारच्या बॅटरीचे आकडे याहून किंचित जास्त असतात. येथे विश्रांती या शब्दाला नेमका अर्थ आहे. गाडी नुकतीच चालवून उभी केली असेल तर प्लेटांच्या पृष्ठभागावरील चार्जमुळे मीटर १२.९ किंवा १३ व्होल्टही दाखवतो आणि अर्धवट भरलेली बॅटरी भरलेली भासते. हा आभास घालवण्यासाठी गाडी रात्रभर उभी ठेवणे उत्तम. तेवढा वेळ नसेल तर इंजिन बंद ठेवून हेडलाइट दोन-तीन मिनिटे लावावेत, मग ते बंद करून थोडे थांबून मोजावे. रात्रभर उभ्या गाडीचे दार उघडताच आतला दिवा लागतो आणि गाडीतले संगणक जागे होतात, म्हणून शक्य असेल तेथे बॉनेटचा खटका आदल्या रात्रीच सोडून ठेवणे सोयीचे पडते.

विश्रांतीचा व्होल्टेज बॅटरीत चार्ज किती आहे एवढेच सांगतो. बॅटरीची ताकद सांगत नाही. प्लेटांवर सल्फेट साचलेली, जुनी झालेली बॅटरीसुद्धा चार्जरवरून उतरवल्यावर १२.६ दाखवू शकते, कारण मीटर तिच्याकडून जवळपास काहीच करंट घेत नाही. तिचा अंतर्गत रोध वाढलेला आहे की नाही हे कळायला मोठा भार टाकावा लागतो, आणि सेल्फ हा गाडीतच असलेला सर्वांत मोठा भार आहे. लहान पेट्रोल गाडीचा सेल्फ सुमारे १५० अँपिअर घेतो असे धरले, तर ०.०१ ओहम अंतर्गत रोध असलेल्या बॅटरीत दीड व्होल्ट पडतो आणि खुंटांवर ११ च्या आसपास उरतात. तोच रोध ०.०२५ ओहम झाला, तर तेवढ्याच करंटला पावणेचार व्होल्ट पडून नऊच्याही खाली आकडा जातो.

व्यवहारात मध्यम तापमानाला सेल्फ फिरत असताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जाऊ नये अशी मर्यादा मानली जाते. निरोगी बॅटरी बहुधा १० ते ११ च्या दरम्यान टिकते. सेल्फ पहिल्यांदा हलताना क्षणभर येणारी खोल बुडी यात धरायची नसते, इंजिन फिरू लागल्यावर स्थिरावलेला आकडा धरायचा असतो. इंजिन लगेच सुरू झाले तर तो वाचायला वेळ मिळत नाही, म्हणून इंधन-पंपाचा फ्यूज काढून काही सेकंद सेल्फ मारतात. दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ मारल्यास सेल्फची मोटर तापते.

या चाचणीत सर्वाधिक चूक होते ती क्रमात. विश्रांतीचा व्होल्टेज १२.१ असताना सेल्फच्या वेळचा आकडा ९ वर गेला, तर त्यावरून बॅटरी खराब ठरवता येत नाही. उतरलेली चांगली बॅटरीही असेच वागते. आधी ती बाहेरच्या चार्जरने पूर्ण भरावी, काही तास तशीच ठेवावी आणि मगच सेल्फ मारून पाहावा.

उदाहरणादाखल एक पेट्रोल हॅचबॅक घेऊ. सकाळी बॅटरी १२.१ दाखवते, सेल्फ घरघरतो आणि आकडा ९.१ वर जातो. बॅटरी चार्जरवर रात्रभर भरून, उतरवून ठेवल्यावर काही तासांनी १२.६५ आणि सेल्फच्या वेळी १०.५ मिळतात, म्हणजे बॅटरी करंट देण्यास समर्थ आहे. आता इंजिन सुरू करून खुंटांवर मोजल्यास १३.८ ते १४.५ व्होल्ट अपेक्षित असतात. येथे १२.५ मिळतात, हेडलाइट आणि एसीचा पंखा लावून इंजिन २००० फेऱ्यांवर नेले तरी आकडा चढत नाही, उलट मिनिटामिनिटाला खाली सरकतो. गाडी बॅटरीवरच चालली आहे आणि दोष चार्जिंगच्या बाजूला आहे. अल्टरनेटर उघडण्याआधी बेल्ट सैल आहे का, झिजलेला आहे का, हे पाहावे. याच गाडीत चार्ज केल्यानंतरही सेल्फच्या वेळी ८.४ आणि इंजिन सुरू असताना १४.२ आले असते, तर अल्टरनेटर ठीक आणि बॅटरी संपलेली, असा निष्कर्ष निघाला असता.

चार्ज करूनही विश्रांतीला १०.५ च्या आसपासच आकडा अडकला, तर सहांपैकी एक सेल मेलेला असतो आणि पुढची चाचणी करण्याचे कारण उरत नाही. उलट सेल्फ फिरत नाही, नुसता टक आवाज येतो आणि खुंटांवर मात्र १२.४ तसेच राहतात, अशा वेळी बॅटरीवर भार पडलेलाच नसतो. क्लँप, अर्थची केबल किंवा सेल्फचा सोलेनॉइड तपासावा लागतो.

काही नव्या गाड्यांत अल्टरनेटरचा व्होल्टेज इंजिनाचा संगणक ठरवतो. इंधन वाचवण्यासाठी तो चार्जिंग अधूनमधून कमी करतो, त्यामुळे चालत्या इंजिनावर १२.८ दिसणे हा तेथे दोष नसतो. अशा गाडीत हेडलाइट आणि मागील काचेचा डिफॉगर लावून आकडा वर चढतो का, हे पाहणे अधिक विश्वसनीय.

बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही या चाचणीत उत्तीर्ण होऊनही गाडी दर दोन-तीन दिवसांनी बंद पडत असेल, तर बॅटरी पूर्ण भरून तिची ऋण केबल काढून रात्रभर ठेवावी. सकाळी १२.६ कायम राहिले, पण केबल जोडून ठेवलेल्या रात्रीनंतर १२.२ दिसले, तर बंद गाडीत कोठेतरी करंट गळतो आहे. ही गळती नंतर बसवलेल्या म्युझिक सिस्टिममधून होऊ शकते, आणि अल्टरनेटरमधल्या बिघडलेल्या डायोडमधूनही.