मॉनिटर कॅलिब्रेशन आणि जोडचित्रातील त्वचेचा रंग

दोन किंवा अधिक फोटो एकत्र करून केलेल्या जोडचित्रात चेहऱ्यांचे रंग एकमेकांशी जुळावेत आणि दुसऱ्या पडद्यावर किंवा छापील कागदावरही जुळलेलेच राहावेत, यासाठी आधी मॉनिटर ठरावीक मापावर आणतात आणि मग चित्र वेगवेगळ्या परिस्थितीत पाहून तपासतात. लग्नाच्या अल्बमचे काम करणाऱ्यांना याची गरज वारंवार पडते. समारंभाला येऊ न शकलेल्या आजोबांना ग्रुप फोटोत बसवून द्या, ही मागणी नेहमीचीच.

नवा मॉनिटर बहुधा गरजेपेक्षा प्रखर आणि निळसर असतो. प्रखर पडद्यावर काम करणारा चित्र नकळत गडद करत जातो, मग प्रिंट काळवंडून येते. निळसरपणा ओळखणे त्याहून अवघड, कारण डोळा थोड्याच वेळात त्याला सरावतो आणि त्यालाच पांढरे मानू लागतो. म्हणून नजरेवर न विसंबता पडद्यावर टेकवायचे, रंग मोजणारे कलरीमीटर वापरतात. मॉनिटर अर्धा तास चालू ठेवून, नाइट लाइट आणि आपोआप बदलणारा ब्राइटनेस बंद करून मोजणी करतात. पांढरा ६५०० केल्विनच्या आसपास (डी६५), मधल्या छटा किती उजळ दिसतील ते ठरवणारा गॅमा २.२ आणि उजळता प्रति चौरस मीटर ८० ते १२० कँडेला ही प्रचलित लक्ष्ये आहेत. मोजणीनंतर तयार होणारी प्रोफाइल सॉफ्टवेअरला त्या पडद्याचा स्वभाव कळवते. बॅकलाइट जुना होत जातो, त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांनी हे पुन्हा करावे लागते.

सगळे चित्र थोडे पिवळट दिसले तरी पाहणाऱ्याला फारसे खटकत नाही. शेजारी-शेजारी असलेल्या दोन चेहऱ्यांतला फरक मात्र लगेच डोळ्यांत भरतो, आणि काम करताना नजरेतून सुटलेला फरक बहुतेकदा सावलीत लपलेला असतो. समजा, ग्रुप फोटो हॉलच्या पिवळ्या दिव्यांतला आहे आणि आजोबांचा फोटो अंगणातल्या सावलीत मोबाइलवर काढलेला. रंगाचे आकडे दाखवणाऱ्या आयड्रॉपरचा नमुना ५×५ पिक्सेलच्या सरासरीवर ठेवून शेजारच्या काकांच्या गालावर लाल १९०, हिरवा १४०, निळा ११० असे आकडे मिळाले. आजोबांच्या गालावर १७८, १४६, १३२. त्वचा कोणत्याही वर्णाची असो, साध्या उजेडात लाल सर्वांत जास्त, मग हिरवा आणि शेवटी निळा हा क्रम सहसा टिकतो. दोघांचे आकडे तंतोतंत सारखे करायचे नसतात, कारण माणसांचा वर्ण वेगळा असतोच; आकड्यांमधले अंतर जवळ आणायचे असते. कर्व्ह्जमध्ये, म्हणजे प्रत्येक रंगाची उजळता कमी-जास्त करणाऱ्या आलेखात, लाल थोडा वर, हिरवा थोडा खाली आणि निळा बराच खाली आणला की गाल जुळतो.

पण हनुवटीखाली काकांचे आकडे ७०, ४५, ३५ आणि आजोबांचे ६२, ५२, ५४ राहिले, तर तिथे निळा अजून हिरव्याच्या वर आहे. गडद छटा गिळून टाकणाऱ्या मॉनिटरवर हे दिसतच नाही. सावल्या उचलून दाखवणाऱ्या फोनवर मात्र आजोबांच्या गळ्याशी निळसर पट्टा उमटतो. उपाय म्हणजे निळ्या कर्व्हचे खालचे टोक स्वतंत्रपणे दाबणे. असे दोष पकडायला सर्वांत वर दोन तात्पुरते लेयर ठेवतात: एक सावल्या खूप उजळणारा, दुसरा सॅच्युरेशन बेसुमार वाढवणारा. चित्र भयाण दिसते, पण जोड कुठे फसला ते लपत नाही. तपासणी झाली की दोन्ही काढून टाकायचे.

खोलीतला उजेडही हिशेबात धरावा लागतो. पडद्यावर खिडकीचे ऊन पडत असेल तर कॅलिब्रेशन करूनही सावल्या धुरकट दिसतात. प्रिंट हिरवट ट्यूबलाइटखाली पाहून निकाल देऊ नये. आयएसओ ३६६४ या मानकात त्यासाठी ५००० केल्विनचा डी५० प्रकाश दिला आहे, बारकाईच्या तुलनेसाठी २००० लक्स आणि नेहमीच्या पाहणीसाठी ५०० लक्स.

फाइल sRGB या साध्या पडद्यांच्या रंगकक्षेत बदलून, प्रोफाइल जोडूनच बाहेर पाठवतात. त्याहून रुंद कक्षेची Adobe RGB फाइल प्रोफाइलशिवाय गेली तर चेहरे फिके, निस्तेज दिसतात. याउलट रुंद रंगकक्षेच्या पडद्यावर रंगव्यवस्थापन नसलेले अ‍ॅप साधी sRGB फाइलही लालबुंद दाखवते. छपाईसाठी लॅबची प्रोफाइल मिळत असेल तर फोटोशॉपमध्ये Ctrl+Y ने सॉफ्टप्रूफ, म्हणजे छपाईतल्या रंगांचा पडद्यावरचा अंदाज, पाहता येते.

शेवटी तेच चित्र दोन वेगळ्या फोनवर, लॅपटॉपवर आणि एका छोट्या प्रिंटवर पाहतात. फोन एकदा उन्हात आणि एकदा अंधारात, व्हिव्हिड मोड लावून आणि काढून. दोष एकाच उपकरणावर दिसला तर संशय त्या उपकरणावर. सगळीकडे कमी-जास्त दिसला तर तो चित्रातच आहे. एखाद्या फोनच्या लाडापायी मूळ फाइल बदलणे ही या कामातली सर्रास होणारी चूक. चौकातल्या फ्लेक्सला मात्र यातले फारसे लागू पडत नाही: प्रिंटरची शाई, दुपारचे ऊन आणि रात्रीचा हॅलोजन मिळून रंग कुठे नेतील, हे मॉनिटरवर कळत नाही; तिथे त्याच मशीनवर त्याच कापडाचा फूटभर नमुना छापून पाहणे हाच मार्ग.