ॲप काढलं की शुगरच्या नोंदी पुसल्या जातात का?

"हेल्थ ॲप मोबाईलमधून काढून टाका, तुमची सगळी माहिती कायमची डिलीट होते."

फोनमधली कॉपी जाते हे खरंय. पण ज्या ॲपात नंबर टाकून लॉगिन करावं लागतं त्यातल्या नोंदी बहुतेक वेळा कंपनीच्या सर्व्हरवर पण साठतात, आणि ॲप काढल्याने तिथलं काही हलत नाही. जळगावच्या आमच्या मावशीने 3 महिने उपाशीपोटीची शुगर टाकली, मग कंटाळून ॲप काढलं. मी माझ्या फोनवर तेच ॲप घेऊन तिच्या नंबरने लॉगिन केलं (ओटीपी तिनेच सांगितला) तर 142, 138 सगळं जसंच्या तसं! तुम्ही पण असंच दुसऱ्या फोनवर तपासा, कारण त्याच फोनवर बॅकअपमधून पण नोंदी परत येऊ शकतात. काही दिसलं नाही तर मात्र सर्व्हरवर नाहीच असं धरू नका.

म्हणून आधी सेटिंगमधून अकाउंट डिलीट करायचं, ते किती दिवसांत पुसतात ते वाचायचं, मग ॲप काढायचं. आधीच दुसऱ्या कंपनीला शेअर झालेलं यातून परत येत नाही, ती परवानगी सुरुवातीलाच बंद ठेवलेली बरी. आणि हो, मावशीच्या 142 खाली ॲपने "शुगर कंट्रोलमध्ये" असं लिहिलेलं, तो काही डॉक्टरचा रिपोर्ट नाही.